क्रियापद कुठे गेलं?

स्टुटगार्ट, म्युनिक किंवा फ्रँकफर्टला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाच्या घरी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं पत्र कधी ना कधी येतंच. निवास परवान्याची मुदत संपत आलेली असते, त्यानं वेळेत अर्ज केलेला असतो, आणि उत्तरादाखल हे पत्र येतं. त्यातलं मुख्य वाक्य साधारण असं असतं:

‘नाख एरफोल्ग्टर प्र्यूफुंग डेर फोन ईनन आइनगेराइश्टन उंटरलागन विर्ड ईनन मिटगेटाइल्ट, डास आइनं बेआरबाइटुंग ईरेस आनट्राग्स आउफ फेरलेंगरुंग डेर आउफएन्टहाल्ट्सएरलाउबनिस एर्स्ट नाख फोरलागं आइनेस नाखवाइझेस यूबर डी झिशरुंग डेस लेबन्सउंटरहाल्ट्स एरफोल्गन कान.’

हे वाक्य कुणा एका कार्यालयाचं नाही. अशा पत्रांत जे ठोकळे पुन्हा पुन्हा वापरले जातात, ते जुळवून केलेला हा नमुना आहे. पुण्यात जर्मनच्या दोन-तीन परीक्षा देऊन गेलेला माणूस शब्दकोश घेऊन बसला तर यातला प्रत्येक शब्द त्याला सापडतो, तरी वाक्य हाती लागत नाही. त्याची बांधणी तशीच ठेवून मराठी केलं तर ते असं होतं: ‘आपण सादर केलेल्या कागदपत्रांच्या झालेल्या तपासणीनंतर आपणांस कळविण्यात येते की, आपल्या निवास परवान्याच्या मुदतवाढीच्या अर्जावरील कार्यवाही उपजीविकेच्या सुरक्षिततेबाबतच्या पुराव्याच्या सादरीकरणानंतरच होऊ शकेल.’ आपल्याकडच्या कचेऱ्यांची पत्रं वाचलेल्या माणसाला हा सूर ओळखीचा वाटेल. पण जर्मन भाषेत हे जे घडतं त्याला तिची स्वतःची कारणं आहेत, आणि ते सोडवायचं कामही त्या भाषेच्या नियमांत राहूनच करावं लागतं.

जर्मन लोक या शैलीला नोमिनालश्टील म्हणतात, म्हणजे नामांवर चालणारी शैली. सरकारी कागदात ती दिसली की वैतागून ‘बेआम्टनडॉइच’ म्हणतात, बाबू लोकांची जर्मन. वरच्या वाक्यात दहा नामं आहेत: तपासणी, कागदपत्रं, कार्यवाही, अर्ज, मुदतवाढ, परवाना, सादरीकरण, पुरावा, सुरक्षितता, उपजीविका. क्रियापदं दोनच, आणि दोन्हींच्या वाट्याला काही काम नाही. एक ‘कळवलं जातं’ म्हणतं, दुसरं ‘होऊ शकेल’ म्हणतं. तपासणं, मुदत वाढवणं, कागद दाखवणं ही खरी कामं होती. ती सगळी नामांच्या पोटात गेली.

ती तिथं जातात कशी, हे पाहायला फार व्याकरण लागत नाही. जर्मन क्रियापदाच्या धातूला ‘उंग’ जोडला की स्त्रीलिंगी नाम तयार होतं. प्र्यूफन म्हणजे तपासणं, प्र्यूफुंग म्हणजे तपासणी. फेरलेंगर्न म्हणजे वाढवणं, फेरलेंगरुंग म्हणजे वाढ. हा प्रत्यय इतका सोयीचा आहे की जवळपास कोणत्याही कामाचं नाम चुटकीसरशी होतं. मग त्या नामाला वाक्यात उभं करायला एखादं पोकळ क्रियापद लागतं. त्यासाठी एरफोल्गन (होणं), डुर्शफ्यूरन (पार पाडणं), फोरनेमन (हाती घेणं) अशी चार-पाच कायम हजर असतात. नामामागे षष्ठीनं दुसरं नाम जोडता येतं, त्यामागे तिसरं. नामाच्या आधी अख्खं उपवाक्य दाबून विशेषणासारखं बसवता येतं. ‘डी फोन ईनन आइनगेराइश्टन उंटरलागन’ म्हणजे ‘तुमच्याकडून सादर झालेली कागदपत्रं’, हे त्याचंच उदाहरण. भाषेत ही सगळी हत्यारं तयार आहेत. कारकून ती फक्त एकाच वाक्यात वापरतो.

पण यामुळे वाक्य लांबतं किंवा रुक्ष होतं, एवढीच तक्रार असती तर तो आवडीनिवडीचा प्रश्न राहिला असता. जर्मन क्रियापद चालवायचं तर आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: कोण करतो, कधी करतो, आणि करायलाच हवं की केलं तर चालेल. कर्ता नसेल तर निदान कर्मणी प्रयोग तरी निवडावा लागतो, आणि काळ तर ठरवावाच लागतो. नामाला यातलं काहीच लागत नाही. ‘फोरलागं’, सादरीकरण, एवढंच लिहिलं की भागतं. कुणी सादर करायचं, कुठला कागद, कुठल्या तारखेपर्यंत, यातलं काहीही न ठरवता वाक्य व्याकरणशुद्ध पूर्ण होतं. म्हणून ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही, तोही असं वाक्य लिहू शकतो. आणि म्हणूनच ते सोपं करायला बसलेल्या माणसाचं काम व्याकरणाचं कमी आणि चौकशीचं जास्त असतं. प्रस्तुत लेखिका अशी पत्रं सोप्या जर्मनमध्ये उतरवण्याचं काम करते, आणि तिच्या कामाचा मोठा वेळ लिहिण्यापेक्षा विचारण्यात जातो.

वरचं वाक्य घेऊन हे नीट पाहता येईल.

पहिली पायरी कागदावर होते. कामं पोटात घेतलेल्या नामांखाली रेघा मारायच्या आणि प्रत्येकावर कर्ता लिहायचा. प्र्यूफुंग: कार्यालयानं केली, झाली. बेआरबाइटुंग, म्हणजे अर्जावरची कार्यवाही: कार्यालय करणार, अजून झालेली नाही. फेरलेंगरुंग: कार्यालयानं करावी अशी अर्जदाराची मागणी. फोरलागं: अर्जदारानं करायची. नाखवाइस, पुरावा: अर्जदारानं द्यायचा. झिशरुंग: अर्जदाराच्या कमाईची स्थिती. एवढं लिहिलं की मूळ वाक्यात न दिसणारी गोष्ट दिसते. या मजकुरात दोन माणसं आहेत, आणि एकाच्या अंगावर एक काम आहे. ते काम दहा नामांपैकी सातव्या नामात, दुय्यम वाक्याच्या शेपटीजवळ लपलेलं आहे. वाचणाऱ्याला ज्या एका गोष्टीसाठी पत्र आलं, ती त्याला सगळ्यात उशिरा कळते, किंवा कळतच नाही.

दुसरी पायरी क्रमाची. मूळ वाक्य तपासणीपासून निघतं, कळवण्यावर येतं, तिथून कार्यवाहीवर उडी मारतं आणि मग मागे वळून सादरीकरणाकडे जातं. प्रत्यक्षात घडलेलं आणि घडायचं ते असं आहे: तुम्ही अर्ज केला, आम्ही कागद पाहिले, एक कागद कमी आहे, तो पाठवा, मग आम्ही निर्णय घेऊ. या क्रमानं लिहायला पाच क्रियापदं लागतात, आणि ती नैसर्गिकपणे पाच छोटी वाक्यं मागतात.

तिसऱ्या पायरीला लेखणी थांबते. ‘शिकन झी’, म्हणजे ‘पाठवा’, असं क्रियापद लिहिलं की ते लगेच कर्म मागतं. काय पाठवा? मूळ वाक्यात ‘उपजीविकेच्या सुरक्षिततेबाबतचा पुरावा’ आहे. तो कुठल्याही दुकानात, बँकेत किंवा कंपनीत त्या नावानं मिळत नाही. पगाराच्या पावत्या हव्यात की नोकरीचा करार? आरोग्य विम्याचं प्रमाणपत्र यात धरलं आहे का? आणि ‘पाठवा’ म्हटलं की तारीख लागते. नाम वापरून लिहिणाऱ्याला यातलं काहीच अडत नव्हतं, क्रियापदापाशी मात्र सगळं अडतं. इथं अंदाजानं काही घालणं हा गुन्हाच. सोपं आणि चुकीचं पत्र हे अवघड पत्रापेक्षा वाईट, कारण त्यावर माणूस विश्वास ठेवतो. म्हणून प्रकरण ज्याच्याकडे आहे त्या कर्मचाऱ्याला, झाखबेआरबाइटरला, फोन लावायचा. बहुतेक वेळा तो एका दमात उत्तर देतो. त्याला ठाऊक असतं, फक्त पत्रात लिहिलेलं नसतं. क्वचित असं कळतं की त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. अशा वेळी क्रियापदानं कार्यालयाचंही काम केलेलं असतं.

समजा उत्तर आलं की शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या पुरेत, आणि 15 मेपर्यंत वेळ आहे. मग पत्र असं होतं:

‘झी हाबन बेआनट्राग्ट, डास विर ईरं आउफएन्टहाल्ट्सएरलाउबनिस फेरलेंगर्न. विर हाबन ईरं उंटरलागन गेप्र्यूफ्ट. एस फेल्ट नोख आइन नाखवाइस, डास ईर लेबन्सउंटरहाल्ट गेझिशर्ट इस्ट. बिट्टं शिकन झी उन्स बिस त्सुम 15. माय डी गेहाल्ट्सआबरेशनुंगन डेर लेट्स्टन ड्राय मोनाटं. डानाख एन्टशाइडन विर यूबर ईरन आनट्राग.’

मराठीत: तुम्ही निवास परवान्याची मुदत वाढवून मागितली आहे. आम्ही तुमची कागदपत्रं तपासली. तुमची उपजीविका सुरक्षित असल्याचा पुरावा अजून आलेला नाही. कृपया गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आम्हाला 15 मेपर्यंत पाठवा. त्यानंतर आम्ही तुमच्या अर्जावर निर्णय घेऊ.

आता जर्मन मजकुराकडे परत एकदा बघितलं पाहिजे, कारण त्यात काही नामं मुद्दाम ठेवली आहेत. गेहाल्ट्सआबरेशनुंग या शब्दात ‘उंग’ आहेच, पण ते कागदाचं नाव आहे. पगाराची पावती हातात धरता येते. वोनुंग (घर), त्सायटुंग (वर्तमानपत्र), रेशनुंग (बिल) हेही असेच. वस्तूचं नाव झालेल्या शब्दात कुठलंही काम लपलेलं नसतं. नव्यानं शिकलेले लोक ‘उंग’ दिसला की लाल रेघ मारत सुटतात आणि ‘तुम्हाला किती पगार मिळाला हे ज्यावर लिहिलेलं असतं तो कागद’ असलं काहीतरी लिहून बसतात. रेघ मारण्याआधी एकच प्रश्न पुरतो: हे कुणी करतं का? उत्तर ‘नाही, हे टेबलावर ठेवता येतं’ असं आलं तर शब्द राहू द्यायचा.

शेवटच्या वाक्यातली निवड जास्त नाजूक आहे. मूळ पत्रात बेआरबाइटुंग होतं, आणि त्याचं सरळ क्रियापद बेआरबाइटन, म्हणजे ‘हाताळणं’. पण अर्ज हाताळणं म्हणजे नेमकं काय, हे त्या क्रियापदालाही सांगता येत नाही. ते नामाइतकंच धूसर आहे. म्हणून तिथं ‘एन्टशाइडन’, निर्णय घेणं, आलं. कुणी उत्साहानं आणखी पुढे गेला आणि ‘त्यानंतर आम्ही तुमचा परवाना वाढवू’ असं लिहिलं, तर वाक्य आणखी सोपं होतं आणि भलतंच काही सांगून बसतं. जर्मन प्रशासकीय कायद्यात लेखी आश्वासनाला, त्सुझिशरुंगला, स्वतंत्र कलम आहे. कार्यपद्धती कायद्याच्या कलम 38 नुसार अधिकार असलेल्या कार्यालयानं पुढे अमुक निर्णय देऊ असं लिहून दिलं, तर ते त्याला बांधून ठेवू शकतं. ‘मुदतवाढीबाबतची कार्यवाही’ हे नाम कुणालाच काही कबूल करत नव्हतं. प्रथमपुरुषी क्रियापद बोलता बोलता शब्द देऊन जातं, हे सोपं लिहिणाऱ्यानं सतत लक्षात ठेवावं लागतं.

आणि एक गोष्ट मूळ पत्रात कुठंच नव्हती, ना नामात ना क्रियापदात. कागद पाठवेपर्यंत जुना परवाना संपला तर काय? पत्र वाचणाऱ्या घरात रात्री याच प्रश्नाची चर्चा चालते. निवास कायद्याच्या कलम 81 नुसार, मुदत संपायच्या आत अर्ज केलेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचं मानलं जातं. त्याचा दाखलाही मिळतो, त्याला फिक्टसिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात. ‘तुम्ही वेळेत अर्ज केला आहे. आमचा निर्णय होईपर्यंत तुमचा सध्याचा परवाना लागू राहतो’, ही दोन वाक्यं कर्मचाऱ्यानं अर्जाची तारीख तपासून मान्य केली तर पत्रात घालता येतात. मजकूर लांबतो. लांबू द्यावा. सोपं म्हणजे तोकडं, ही समजूत या कामात उपयोगाची नाही.

इथवर सगळं सरळ वाटतं, पण जर्मन भाषेचा स्वतःचा एक पेच आहे, तो दुसऱ्या बाजूनं अंगावर येतो. जर्मन दुय्यम वाक्यात क्रियापद अगदी शेवटी जातं. नामं फोडून प्रत्येकाचं उपवाक्य केलं आणि ती सगळी एकाच वाक्यात ठेवली, तर क्रियापदं शेवटाला एकमेकांवर आदळतात. ‘आम्ही तुम्हाला कळवतो, की तुम्ही, आम्ही तुमचा परवाना वाढवावा म्हणून, जो अर्ज केला आहे त्यावर आम्ही, तुम्ही तुमची उपजीविका सुरक्षित आहे हे दाखवल्यावरच, निर्णय घेऊ शकतो.’ जर्मनमध्ये याला शाख्टेलझात्स म्हणतात, डबीत डबी घातलेलं वाक्य. यात नामं कमी आहेत, क्रियापदं भरपूर आहेत, आणि वाचायला ते मूळ वाक्याइतकंच जड आहे. हे ओळखायची खूण सोपी: मोठ्यानं वाचायचं. स्वल्पविरामाच्या अलीकडे-पलीकडे दोन चालवलेली क्रियापदं लागोपाठ आली आणि श्वास अडकला, की तिथं पूर्णविराम हवा होता. लेखिकेच्या अनुभवात, क्रियापद परत आणणं ही निम्मी वाट असते. उरलेली निम्मी म्हणजे वाक्य कुठं तोडायचं ते.

नामांचा हा भडिमार कमी करा, असं जर्मन लोक स्वतःच शंभराहून जास्त वर्षं एकमेकांना सांगत आले आहेत. 1911 मध्ये एडुआर्ड एंगेल यांचं ‘डॉइचं श्टीलकुन्स्ट’ हे जर्मन शैलीवरचं जाडजूड पुस्तक आलं आणि खूप खपलं. एंगेल ज्यू होते, आणि नाझी राजवटीत त्यांच्या लिखाणावर बंदी आली. 1938 मध्ये ते हलाखीत वारले. 1943 मध्ये लुडविग रायनर्स यांचं त्याच विषयावरचं पुस्तक निघालं. त्यात एंगेल यांच्या पुस्तकातून किती उचललं आहे, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. युद्धानंतरच्या पिढ्यांनी ‘नामं सोडा, क्रियापदं धरा’ हा धडा मुख्यतः रायनर्स यांच्याकडून घेतला. आज या विषयावर लिहिताना एंगेल यांचं नाव आधी घ्यायला हवं.

या परंपरेला एक अडचण आहे. ती सगळी पोकळ क्रियापदं एकाच मापानं मोजते. 1963 मध्ये पेटर फोन पोलेन्त्स या भाषाशास्त्रज्ञानं त्यावर शांतपणे बोट ठेवलं. नाम आणि हलकं क्रियापद मिळून होणाऱ्या जोड्या नेहमी फुकटच्या नसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘बेवेगन’ म्हणजे हलवणं. पण ‘इन बेवेगुंग झेत्सन’ म्हणजे हालचालीला लावणं, ‘इन बेवेगुंग कोमन’ म्हणजे हलू लागणं, आणि ‘इन बेवेगुंग झाइन’ म्हणजे चालू असणं. घडवून आणणं, सुरुवात आणि स्थिती हे तीन अर्थ एकट्या क्रियापदाला वेगळे दाखवता येत नाहीत. ‘इन क्राफ्ट ट्रेटन’, कायदा लागू होणं, याला तर एकशब्दी पर्यायच नाही. त्याउलट निवास कायद्याच्या कलम 8 मध्ये म्हटलं आहे की मुदतवाढीला परवाना देतानाच्याच तरतुदी ‘आनवेंडुंग फिंडन’, म्हणजे ‘लागू होणं पावतात’. इथं साधं ‘गेल्टन’ पुरलं असतं. लाल पेन्सिल उचलण्याआधी हा फरक करता येणं, हेच या कामातलं खरं शिक्षण, असं लेखिकेला वाटतं.

कायद्याची भाषा म्हणजे नामांची भाषा, हा समज मात्र जर्मन कायद्यांनीच खोटा पाडला आहे. 1949 च्या जर्मन राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदात दोन शब्दांचं एक वाक्य आहे: ‘आइगनटुम फेरफ्लिश्टेट’, मालकी बांधील करते. अनुच्छेद 102 म्हणतो, ‘डी टोडेसश्ट्राफं इस्ट आबगेशाफ्ट’, फाशी रद्द झाली आहे. ‘देहदंडाच्या शिक्षेचे निर्मूलन करण्यात येते’ असं तिथं लिहिता आलं असतं. घटनाकारांनी लिहिलं नाही. आणि तरी 1900 पासून लागू असलेल्या नागरी संहितेचं पहिलंच कलम पूर्णपणे नामांवर उभं आहे: माणसाची ‘हक्कधारक-क्षमता’ सुरू होते ती ‘जन्माच्या पूर्णत्वानं’, ‘मिट डेर फोलेंडुंग डेर गेबुर्ट’. हे फोडून ‘माणूस जन्मला की त्याला हक्क मिळतात’ असं केलं तर वाचायला छान, पण जन्म ही काही वेळ चालणारी घटना आहे. वारसा हक्कात ती नेमकी कुठल्या क्षणी संपली यावर मालमत्ता फिरू शकते. फोलेंडुंग हे नाम तो क्षण पकडून ठेवतं. तिथं हात लावू नये.

आपल्या पत्रातलं ‘उपजीविकेची सुरक्षितता’ हेही असंच प्रकरण. ते ऐकायला कारकुनी वाटतं, पण निवास कायद्याच्या दुसऱ्या कलमात त्याची व्याख्या आहे: पुरेशा आरोग्य विम्यासकट आपला खर्च सरकारी मदतीशिवाय भागवता येणं. म्हणून नव्या पत्रात ‘झिशरुंग’चं ‘गेझिशर्ट’ झालं, नामाचं रूप सुटलं, पण शब्द तोच राहिला. ‘तुमच्याकडे पुरेसे पैसे आहेत’ असं लिहिलं असतं तर विमा बाहेर पडला असता, आणि अर्जदारानं बँकेचं पासबुक पाठवून समाधान मानलं असतं.

वर्तमानपत्रांना या विषयात लांबलचक शब्दांचं फार आकर्षण. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याच्या 1999 च्या एका कायद्याच्या नावात 63 अक्षरांचा एकच शब्द होता. तो गोमांसाच्या लेबलांवर देखरेख ठेवण्याचं काम कुणाकडे सोपवायचं याबद्दल होता. 2013 मध्ये कायदा रद्द झाला, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. पण असा शब्द पत्र वाचणाऱ्याला फारसा त्रास देत नाही. तो नावासारखा डोळ्यांखालून निघून जातो. त्रास देतात ते दोन-तीन अवयवांचे साधे शब्द, फोरलागं आणि बेआरबाइटुंग, कारण त्यांत वाचणाऱ्याला उद्देशून काहीतरी सांगितलेलं असतं आणि ते त्याला ऐकू येत नाही.

जर्मन सरकारनं हे काम नुसतं उपदेशावर सोडलेलं नाही. केंद्रीय मंत्रालयांच्या सामायिक कार्यनियमावलीचं कलम 42 सांगतं की कायद्याचे मसुदे भाषेच्या दृष्टीनं शुद्ध आणि शक्यतो सगळ्यांना समजतील असे असावेत. जर्मन भाषा संस्थेचे संपादक 1966 पासून संसदेत मसुद्यांची भाषा पाहत आले. 2009 पासून न्याय मंत्रालयात भाषातज्ज्ञांचा स्वतंत्र संपादक गट बसतो आणि मसुदा तयार होत असतानाच कायदेपंडितांना प्रश्न विचारतो. महत्त्वाची गोष्ट ‘असतानाच’ ही. मजकूर छापून झाल्यावर आलेला संपादक फक्त शब्द बदलू शकतो. मसुद्याच्या वेळी आलेला विचारू शकतो की इथं कर्ता कोण आहे. पण हा गट कायदे पाहतो. परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून निघणारं रोजचं पत्र तिथं जात नाही. ते संगणकात साठवलेल्या मजकुराच्या ठोकळ्यांतून, टेक्स्टबाउश्टाइनमधून, जुळतं. त्यामुळे एका पत्राचं वाक्य सुधारून काही होत नाही. ठोकळा बदलावा लागतो, आणि ठोकळा हजारो वेगवेगळ्या अर्जदारांना लागू पडायला हवा असतो. नामं तिथं टिकून राहतात ती याच कारणानं. ‘पुरावा’ हा शब्द नोकरदाराला, विद्यार्थ्याला आणि पेन्शनवाल्याला सारखाच चालतो. ‘पगाराच्या पावत्या पाठवा’ चालत नाही. यावर उपाय आहे, पण तो भाषेचा नाही: ठोकळ्यात रिकामी जागा ठेवायची, आणि कुठला कागद ते कर्मचाऱ्यानं भरल्याशिवाय पत्र छापलं जाऊ नये अशी सोय करायची.

सगळ्यात जास्त काळजी मात्र नकाराच्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाला लागते. अर्ज फेटाळला तर खाली दाद मागण्याची माहिती असते, रेश्ट्सबेहेल्फ्सबेलेरुंग. तिथं लिहिलेलं असतं की ‘बेकान्टगाबं’नंतर, म्हणजे निर्णय कळवला गेल्यानंतर, एका महिन्याच्या आत हरकत घेता येईल किंवा कोर्टात जाता येईल. बेकान्टगाबं हे अस्सल कचेरीचं नाम. कुणी कळवलं, कधी कळवलं, काही दिसत नाही. सोपं करणाऱ्याला वाटतं, इथं ‘या पत्राच्या तारखेपासून’ असं लिहून टाकू. ते चूक आहे. साध्या टपालानं गेलेला निर्णय कधी कळला असं मानायचं, हे केंद्रीय कार्यपद्धती कायद्याच्या कलम 41 नं ठरवलं आहे. पूर्वी पत्र टपालात टाकल्यानंतरचा तिसरा दिवस धरत, आणि 1 जानेवारी 2025 पासून चौथा दिवस धरतात. पत्र प्रत्यक्षात त्याहून उशिरा पोचलं तर तो उशिराचा दिवस. पत्राच्या डोक्यावरची तारीख यातली कुठलीच नव्हे. आणि माहिती चुकीची दिली तर प्रशासकीय न्यायालय कायद्याच्या कलम 58 नुसार एका महिन्याऐवजी सहसा एक वर्षाची मुदत मिळते. एका सोप्या केलेल्या शब्दानं कार्यालयाचा निर्णय वर्षभर अधांतरी राहू शकतो.

म्हणून तो परिच्छेद लेखिका आहे तसा ठेवते आणि त्याच्या वर, वेगळ्या परिच्छेदात, क्रियापदांनी लिहिलेलं स्पष्टीकरण सुचवते: हा निर्णय तुम्हाला मान्य नसेल तर तुम्ही त्याविरुद्ध दाद मागू शकता. त्यासाठी एक महिना आहे. महिना कधी सुरू होतो आणि तुम्ही कुणाकडे लिहायचं, ते खाली दिलं आहे. या स्पष्टीकरणात शेवटची तारीख घालता आली असती तर वाचणाऱ्याचं काम आणखी हलकं झालं असतं. पण पत्र लिहिणाऱ्या टेबलावर ते टपालात कधी पडणार हे ठाऊक नसतं. तो दिवस टपाल कक्षात ठरतो, आणि त्याची नोंद पत्रावर नाही, फाईलमधल्या प्रतीवर होते.